जनगणनेत किती माणसं सुटली? जनगणनोत्तर सर्वेक्षणाचा आकडा जिल्ह्यासाठी वाचण्याची आणि लिहिण्याची रीत

२०११ च्या जनगणनेत देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसं निव्वळ सुटली, म्हणजे सुटलेल्यांतून चुकून जास्त मोजलेले वजा करून एवढी उरली, असं जनगणनोत्तर सर्वेक्षणात आढळलं. जनगणनेनंतर निवडक भागांत पुन्हा मोजून पहिली मोजणी तपासतात, ते हे सर्वेक्षण. तेव्हापासून एक हिशेब पुन्हा पुन्हा दिसतो. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या घ्यायची, तिला २३ ने गुणायचं, हजाराने भागायचं आणि ‘जिल्ह्यात सत्तेचाळीस हजार लोक मोजायचे राहिले’ असं निवेदनात लिहायचं. जळगाव आणि नंदुरबारसाठीही हेच होतं. गुणाकार बरोबर असतो, पण त्यातून निघालेलं वाक्य चूक असतं. ते का चूक आहे हे कळायला सर्वेक्षण कोणत्या क्रमाने होतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

मोजणीतली सगळ्यात अवघड गाठ आपल्याकडे ऊसतोडीची आहे. म्हणून उदाहरण साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरकडच्या एका कल्पित पाड्याचं घेतो. पाड्याचे आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत. जिल्ह्याची लोकसंख्या मात्र खरी, २०११ ची आहे.

## तयारी: माणूस कुठे मोजायचा, हे आधी पक्कं करा

ही पायरी बहुतेक जण ओलांडून जातात आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत झाली. संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, होता १ मार्चची मध्यरात्र, म्हणजे २८ तारीख संपून १ तारीख लागते तो क्षण. १ ते ५ मार्चच्या उजळणी फेरीत प्रगणकाने पुन्हा घरोघर जाऊन मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त केले. माणूस ९ ते २८ फेब्रुवारीच्या मुदतीत आपल्या नेहमीच्या राहत्या घरी एक दिवस जरी असला, तरी त्याची नोंद तिथे होते. पूर्ण मुदत तो बाहेर असेल, तर जिथे असेल तिथे त्याची नोंद व्हायला हवी.

आता पाड्याकडे बघा. दिवाळीनंतर मुकादम उचल देतो आणि कोयत्यांच्या टोळ्या बारडोलीकडे निघतात. त्या परततात होळीला. २०११ साली होळी १९ मार्चला होती. म्हणजे मोजणीची सगळी मुदत ही माणसं गुजरातेत, उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत होती. नियमाने त्यांची नोंद गुजरातेत व्हायला हवी. धुळ्याच्या कागदावर त्यांचं नाव नसणं ही गळती नव्हे. उलट घरी राहिलेल्या आजीने सगळ्यांची नावं सांगितली आणि प्रगणकाने ती उतरवली, तर ती धुळ्याच्या बाजूची चुकीची नोंद ठरते.

> सावधान: ‘आमच्या गावची माणसं गावात मोजली नाहीत’ आणि ‘आमची माणसं मोजलीच नाहीत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सर्वेक्षण मोजतं ते दुसरं.

## १. गट निवडणं

जनगणनेसाठी सगळा मुलूख प्रगणन गटांत वाटलेला असतो. एका गटात साधारण सहाशे ते आठशे लोक असतात. सर्वेक्षणासाठी यातले थोडेच गट यादृच्छिक पद्धतीने निवडतात आणि निवडलेल्या गटातली सगळी घरं घेतात. वसतिगृहं, तुरुंग यांसारखी संस्थात्मक घरं आणि बेघर माणसं साधारणपणे या कक्षेबाहेर ठेवली जातात, कारण काही महिन्यांनी तीच माणसं तिथे सापडतील याची खात्री नसते. त्यामुळे अहवालातला दर त्यांच्याविषयी काही सांगत नाही. आश्रमशाळेतली मुलं सुटली का, याचं उत्तर इथे शोधू नका.

तपासा: निवडलेल्या गटाचा नजरी नकाशा जागेवर जुळतो का? ओढा, देऊळ, टाकी, शेवटचं घर या खुणा बघा. सीमा चुकली तर शेजारच्या गटातली वीस घरं ‘सुटलेली’ म्हणून पुढे येतात आणि खरी सुटलेली कोणती ते कळत नाही.

## २. दुसऱ्यांदा मोजणं, पहिल्या कागदाकडे न बघता

सर्वेक्षणाला जाणारा माणूस वेगळा असावा आणि जनगणनेची भरलेली अनुसूची त्याच्या हातात नसावी. पुढच्या गणिताचा पायाच हा आहे की दोन्ही मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. जुनी यादी समोर ठेवून टिक मारत गेलं की दोन्ही याद्या छान जुळतात आणि गळती शून्याजवळ येते. असा निकाल आला तर आनंद मानू नका. ती यादी कशी भरली गेली याची चौकशी करा.

सर्वेक्षण जनगणनेनंतर काही महिन्यांनी होतं. आपल्या पाड्यावर तोवर माणसं घरी परतलेली असतात आणि पेरणीची घाई चालू असते. दारात उभं राहून ‘घरात किती जण?’ एवढंच विचारलं, तर उत्तर येतं सहा. जनगणनेच्या कागदावर दोनच नावं असतात, आजी आणि नातू. घाईत चार जण ‘सुटले’ म्हणून लिहिले जातात.

म्हणून प्रश्न आजचा नाही, त्या दिवसांचा विचारायचा. तारीख विचारून उपयोग होत नाही, सणाच्या आधारानेच विचारावं लागतं: महाशिवरात्रीला कुठे होतात? होळीआधी किती दिवस आलात? ‘होळीले उनूत’ असं बाई म्हणाली की लगेच पुढचा प्रश्न: त्याआधी कुठे होतात, कोणतं गाव, कोणता कारखाना, मुकादम कोण, कोप्यांवर कुणी नावं लिहून घ्यायला आलं होतं का? प्रत्येक माणसापुढे चारपैकी एक शेरा पडला पाहिजे: त्या वेळी इथेच होता, त्या वेळी दुसरीकडे होता, संदर्भक्षणानंतर जन्मला, त्या वेळी इथे होता पण आता गेला किंवा वारला.

> सावधान: चौथा शेरा सगळ्यात जास्त विसरला जातो. मार्चनंतर लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी घरात दिसत नाही, म्हणून कुणी तिचं नावच काढत नाही. ‘तेव्हा घरात होतं आणि आता नाही असं कोण?’ हा प्रश्न प्रत्येक दारात वेगळा विचारा.

## ३. जुळवणी

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या आणि माणसागणिक जुळवायच्या. कुटुंबसंख्या जुळवून चालत नाही. एका घरात पाचास पाच दिसतात, पण एका यादीत मुलगा आणि दुसरीत भाचा असतो.

खान्देशात नावं तंतोतंत जुळतील ही अपेक्षाच सोडा. एका यादीत सुकलाल, दुसरीत सुखलाल. एका यादीत शाळेतलं नाव, दुसरीत घरातलं. बाईचं माहेरचं नाव आजी सांगते, सासरचं नवरा सांगतो. वयं तर पाच आणि शून्यावर येऊन थांबलेली असतात. म्हणून नाव, लिंग, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि घराची जागा हे सगळं एकत्र बघून निर्णय घ्यावा लागतो. वयात किती वर्षांचा फरक चालेल हे जुळवणी सुरू करण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर प्रत्येक कारकुनाचा नियम वेगळा होतो.

न जुळलेल्या नावाचे तीन अर्थ असू शकतात. माणूस खरंच सुटला, किंवा शेजारच्या गटात मोजला गेला, किंवा तो जुळतो पण आपल्याला ओळखता आला नाही. म्हणून आधी शेजारच्या गटांच्या अनुसूच्या चाळायच्या आणि मग उरलेल्या नावांसाठी पुन्हा त्या घरी जायचं. हा दुसरा फेरा कंटाळवाणा आणि खर्चाचा असतो, म्हणून तो टाळला जातो. टाळला तर काय होतं ते पाचव्या पायरीत आकड्यांनी दाखवतो.

## ४. उलट बाजूची तपासणी: नको असलेल्या नोंदी

तिसऱ्या पायरीत आपण सर्वेक्षणाकडून जनगणनेकडे बघितलं. आता उलटं बघायचं. जनगणनेत असलेलं प्रत्येक नाव तिथे असायला हवं होतं का? दुबार नोंद, १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर जन्मलेलं बाळ, त्याआधी वारलेला माणूस, दुसऱ्या गटातलं घर, कधी अस्तित्वातच नसलेलं नाव, हे सगळं वजा होतं.

ऊसतोडीच्या घरांत दुबार नोंद अशी सापडते. बाई म्हणते, ‘फडावर पण नाव लिहून नेलं होतं, आणि इथेही सासूने सांगितलं होतं.’ मग तिने सांगितलेल्या ठिकाणची अनुसूची काढून बघावी लागते. दोन्हीकडे नाव सापडलं, तर धुळ्याची नोंद चुकीची, कारण ती पूर्ण मुदत बाहेर होती. फडावरही नाव नसेल आणि इथेही नसेल, तर ती खरी सुटलेली. पण ही गळती त्या फडाच्या जिल्ह्याच्या खात्यात जाते, धुळ्याच्या नाही. साक्रीचा माणूस सुटला आणि धुळ्याचा दर तसाच राहिला, असं यामुळे घडू शकतं. हे मनाला पटायला जड जातं, पण नियमाशी सुसंगत तेच आहे.

## ५. हिशेब

आपल्या पाड्याच्या गटात जनगणनेच्या नोंदी ६४०. चौथ्या पायरीत त्यातल्या १२ चुकीच्या निघाल्या: ५ दुबार, ३ नंतर जन्मलेली बाळं, २ आधी वारलेले, २ दुसऱ्या गटातले. बरोबर नोंदी उरल्या ६२८. सर्वेक्षणात, त्या वेळी इथेच असलेली माणसं सापडली ६३०. दोन्हीकडे जुळली ६०९.

म्हणजे फक्त जनगणनेत सापडले १९ आणि फक्त सर्वेक्षणात २१. दोन्ही मोजण्यांना चुकवून गेलेले किती, ते थेट दिसत नाही, अंदाजाने काढावं लागतं. त्यासाठी चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीच्या तपासणीसाठी मांडलेलं सूत्र कामी येतं:

```
खरी लोकसंख्या = बरोबर नोंदी × सर्वेक्षणातील माणसं ÷ जुळलेली माणसं
             = ६२८ × ६३० ÷ ६०९
             = ६४९.७
```

यामागचा विचार सोपा आहे. सर्वेक्षणाला सापडलेल्या ६३० पैकी ६०९ जण जनगणनेलाही सापडले होते. जनगणनेची पकड एवढी असेल, तर तिच्या ६२८ बरोबर नोंदींमागे खरी माणसं सुमारे ६५० असणार.

निव्वळ गळती म्हणजे ६५० वजा ६४०, सुमारे १० माणसं. दर हजारी जवळपास १५. पण हे दहा कसे आले ते बघा: खरे सुटलेले सुमारे २२, चुकून जास्त आलेले १२. जास्तीच्या बारांनी सुटलेल्या बाविसांतले बारा झाकले. एखाद्या गटात २२ सुटले आणि २२ जास्त आले, तर निव्वळ दर शून्य दिसेल आणि कागद मात्र चुकांनी भरलेला असेल. जास्तीच्या नोंदी सुटलेल्यांपेक्षा जास्त झाल्या की दर उणे येतो. तोच अतिरिक्त मोजणीचा निकाल. म्हणून निव्वळ दराबरोबर हे दोन्ही आकडे वेगळे मागा.

आता दुसरा फेरा टाळल्याचा परिणाम. समजा सुकलाल-सुखलाल छापाची १२ माणसं ओळखता आली नाहीत आणि जुळलेली ६०९ ऐवजी ५९७ धरली. खरी लोकसंख्या येते ६६२.७ आणि निव्वळ गळती दर हजारी ३४. पाड्यावर एकही माणूस जास्त सुटला नाही, फक्त बारा नावं नीट वाचली गेली नाहीत, आणि दर दुपटीच्या वर गेला.

> सावधान: हे सूत्र एका गटावर चालवून निकाल जाहीर करायचा नसतो. मी ते एका पाड्यावर दाखवलं ते पायऱ्या दिसाव्यात म्हणून. प्रत्यक्षात अनेक गटांचे भारांकित आकडे एकत्र करून मगच ते चालवतात.

एक मर्यादा सूत्रात कायमची आहे. जो माणूस जनगणनेला सापडत नाही, तोच बहुधा सर्वेक्षणालाही सापडत नाही. फडावरच्या कोपीत राहणारा, बांधकामावर झोपणारा, पहाटे कामावर जाऊन रात्री परतणारा. दोन्ही मोजण्या त्याच्या बाबतीत स्वतंत्र राहत नाहीत, आणि अशा ठिकाणी गळती खऱ्यापेक्षा कमी दिसते.

## ६. जिल्ह्याचा दर का छापत नाहीत

भारतात या सर्वेक्षणाचा निकाल देशासाठी आणि राज्यांच्या सहा विभागांसाठी दिला जातो. ग्रामीण-शहरी, स्त्री-पुरुष, वयोगट अशी विभागणी असते. महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो. धुळ्याचा, जळगावचा, नंदुरबारचा वेगळा दर अहवालात नसतो. हे दडवलेलं नाही. त्यामागे साधं गणित आहे.

समजा धुळ्यातले २० गट निवडले, प्रत्येकी ६४० लोक, म्हणजे १२,८०० माणसं. दर हजारी २३ आला. ही माणसं जिल्हाभरातून एकेक करून निवडली असती, तर दराची प्रमाण त्रुटी, म्हणजे केवळ नमुन्यामुळे पडणारा साधारण फरक, हजारी १.३ इतकीच आली असती. पण माणसं एकेकटी सुटत नाहीत. प्रगणक एका वस्तीवर गेलाच नाही की पूर्ण वस्ती सुटते. एका गटातली माणसं एकमेकांसारखी असल्यामुळे १२,८०० माणसांतून मिळणारी माहिती प्रत्यक्षात फार कमी असते. गटातलं हे साम्य शून्य ते एकच्या मापावर ०.०३ इतकं थोडं धरलं, तरी प्रमाण त्रुटी साडेचार पट होऊन हजारी ६ वर जाते. मग ९५ टक्के खात्रीची मर्यादा येते साधारण ११ ते ३५.

आणि जिल्ह्याच्या वाट्याला वीसऐवजी चारच गट आले तर? त्रुटी हजारी १३, मर्यादा उणे ३ ते ४९. म्हणजे जिल्ह्यात माणसं सुटली की जास्त मोजली गेली, हेसुद्धा ठामपणे सांगता येत नाही. विभागाचा नमुना जिल्ह्यांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला असेच थोडे गट येतात.

## ७. जिल्ह्याच्या टिपणात काय लिहायचं

पहिली गोष्ट: जाहीर झालेली जनगणनेची लोकसंख्या सर्वेक्षणानंतर बदलली जात नाही. २०११ साठी धुळ्याचा आकडा २०,५०,८६२ हाच आहे. टिपणाच्या मुख्य तक्त्यात तोच ठेवा.

दुसरी: दराचा छेद वाचा. ‘हजार मोजलेल्यांमागे २३’ आणि ‘हजार खऱ्या माणसांमागे २३’ यांत फरक आहे. पहिल्या अर्थाने धुळ्याचा गुणाकार ४७,१७० येतो. दुसऱ्या अर्थाने लोकसंख्येला ०.९७७ ने भागावं लागतं आणि फरक येतो ४८,२८०. केवळ छेद न वाचल्याने अकराशेवर माणसं इकडची तिकडे होतात.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: देशाचा दर तिन्ही जिल्ह्यांना सारखा लावला, तर तिन्ही आकडे एकाच पटीने फुगतात. जळगाव, धुळे, नंदुरबार यांचं एकमेकांतलं प्रमाण होतं तसंच राहतं. ‘आमच्या आदिवासी तालुक्यात गळती जास्त आहे, म्हणून निधीचा वाटा वाढवा’ असं म्हणायचं असेल, तर हा गुणाकार त्याला काडीचाही आधार देत नाही. जो फरक सिद्ध करायचा आहे, तोच त्यात पुसला जातो. शिवाय आपल्याकडे शहरी गळती ग्रामीणपेक्षा जास्त निघालेली आहे, त्यामुळे सरासरी दर ग्रामीण तालुक्यावर लादणं आणखीच चूक.

मग वाक्य असं लिहा:

> ‘२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २०,५०,८६२. जनगणनोत्तर सर्वेक्षणात देशासाठी निव्वळ गळती दर हजारी सुमारे २३ आढळली. जिल्ह्यासाठी स्वतंत्र अंदाज उपलब्ध नाही. देशाचा दर जिल्ह्याला लागू आहे असे मानल्यास, केवळ दिशादर्शक म्हणून, फरक ४७ ते ४८ हजारांच्या घरात येतो. हे जिल्ह्याचे मोजमाप नाही.’

विभागाचा, ग्रामीण-शहरी वेगळा दर हाताशी असेल तर देशाच्या दराऐवजी तो वापरा, पण शेवटची तीन वाक्यं काढू नका. बातमी करणाऱ्याने ‘आढळले’ आणि ‘मानल्यास’ ही दोन क्रियापदं अदलाबदल न करता ठेवली, तरी निम्मी चूक टळते.

पाठवण्याआधी तपासा: आकडा निव्वळ गळतीचा आहे की एकूण सुटलेल्यांचा? छेद लिहिला आहे का? दर कोणत्या भागाचा ते लिहिलं आहे का? संस्थात्मक आणि बेघर लोकसंख्या कक्षेबाहेर असल्याचं नमूद आहे का? तालुका किंवा गावाच्या ओळीत हा दर कुठे शिरला आहे का? शिरला असेल तर ती ओळ खोडा.

## ८. जिल्ह्याला स्वतःचा पुरावा हवा असेल तर

गावाच्या शंकेला दुसरा मार्ग आहे, फक्त त्याला सर्वेक्षणाचा निकाल म्हणू नये. लहान मुलं मोजणीतून सुटायची शक्यता जास्त, म्हणून तिथून सुरुवात करा. जनगणनेतली ० ते ६ वयाची मुलं आणि त्याच काळातले नोंदलेले जन्म, लसीकरणाच्या नोंदी, अंगणवाडीचा पट हे समोरासमोर ठेवा. मुलं नोंदलेल्या जन्मांपेक्षा बरीच कमी दिसली, तर आधी बालमृत्यू आणि स्थलांतर वजा करा. धुळ्याच्या रुग्णालयात जन्मलेली सगळी बाळं धुळ्याची नसतात, म्हणून जन्माच्या ठिकाणाऐवजी आईच्या राहत्या पत्त्याप्रमाणे आकडे काढा.

पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे आणि त्या वर्षीची होळी २२ मार्चच्या सुमारास येते. म्हणजे टोळ्या पुन्हा फडावरच असतील. पाड्यावरून कोणती कुटुंबं कोणत्या मुकादमाबरोबर कोणत्या कारखान्याकडे गेली, कधी निघाली आणि कधी परतली, याची वही ग्रामपंचायतीने दिवाळीपासून ठेवली, तर सर्वेक्षणाच्या वेळी दुसऱ्या पायरीतला ‘कोणतं गाव, कोणता कारखाना’ हा प्रश्न आठवणीवर सोडावा लागणार नाही. वहीत प्रत्येक माणसाची ओळ वेगळी हवी, कारण नवरा-बायको फडावर आणि थोरली मुलगी आजीजवळ, अशी घरं पाड्यावर निम्म्याहून जास्त असतात.